मालमोटार रस्त्यात का थांबते? छोट्या वाहतूकदारासाठी देखभालीचे वेळापत्रक आणि टायरची वही

चाकण आणि पिंपरी-चिंचवड परिसरातील वाहननिर्मिती कारखाने सुट्या भागांचा मोठा साठा करून ठेवीत नाहीत. भोसरीच्या लघुउद्योजकाने बनविलेला भाग काही तासांतच कारखान्याच्या जुळणी विभागात पोचावा, अशी येथील व्यवस्था आहे. त्यामुळे भाग घेऊन निघालेली मालमोटार तळेगाव-चाकण रस्त्यावर पंक्चर होऊन थांबली, तर तिच्याबरोबर पुढचे कामही अडते. पुरवठादाराला दंड बसू शकतो आणि तो दंड बहुधा वाहतूकदाराच्या बिलातून वळता होतो. शे-दीडशे गाड्यांच्या कंपनीकडे अशा वेळी पाठविण्यासाठी दुसरी गाडी असते. पाच-सहा गाड्यांच्या मालकाकडे ती नसते. असे प्रसंग वारंवार आले की कामाचा करारच हातचा जातो.

'आमच्या गाड्या दर महिन्याला गॅरेजमध्ये जातात,' असे सांगणारे वाहतूकदार पुष्कळ भेटतात. तरीही त्यांच्या गाड्या रस्त्यात बंद पडतात. त्याचे कारण बहुधा मेकॅनिकच्या हलगर्जीपणात नसते. ते वेळापत्रक ठरविण्याच्या पद्धतीत असते. सहा गाड्यांच्या एका काल्पनिक कंपनीचे उदाहरण घेतल्यास ही गोष्ट स्पष्ट होईल. पुढील हिशेबातील किलोमीटर, बिघाड आणि किमती उदाहरणासाठी मानलेल्या आहेत. प्रत्येकाने तेथे स्वतःचे आकडे घालावेत.

आधी बिघाड मोजा

या कंपनीच्या तीन मालमोटारी चाकणहून न्हावा शेवा बंदराकडे जातात. द्रुतगती मार्गाने जाऊन-येऊन साधारण २६० कि.मी. अंतर पडते. महिन्याला २२ फेऱ्या धरल्या, तर एक गाडी सुमारे ५,७०० कि.मी. धावते. उरलेल्या तीन गाड्या भोसरी, चिखली, तळवडे येथून भाग गोळा करून चाकणला देतात. त्या दिवसाला ६० कि.मी. आणि महिन्याला जेमतेम १,५०० कि.मी. धावतात.

तीन महिन्यांत या सहा गाड्या मिळून १३ वेळा रस्त्यात थांबल्या असे समजू. त्यांपैकी सहा बिघाड बंदराच्या गाड्यांचे आणि सात स्थानिक गाड्यांचे. वरवर पाहता दोन्ही गटांची स्थिती सारखीच दिसते.

एस.टी. आणि इतर राज्यांतील परिवहन महामंडळे मात्र बिघाडांची संख्या नुसती मोजत नाहीत. दर १०,००० कि.मी.मागे किती वेळा गाडी बंद पडली, असा हिशेब ती ठेवतात. हेच माप येथे लावून पाहू. बंदराच्या तीन गाड्या तीन महिन्यांत ५१,३०० कि.मी. धावल्या, म्हणजे १०,००० कि.मी.मागे १.२ बिघाड. स्थानिक गाड्या धावल्या १३,५०० कि.मी.; त्यांचे प्रमाण निघते ५.२. म्हणजे 'जवळच तर फिरतात' म्हणून ज्यांच्याकडे दुर्लक्ष होते, त्या गाड्या अंतराच्या मानाने चौपटीहून अधिक वेळा बंद पडत आहेत.

बिघाडाची कारणे लिहून ठेवली असतील, तर दुसरी गोष्टही दिसते. बंदराच्या गाड्यांच्या सहा बिघाडांपैकी चार टायरचे, एक ब्रेकच्या हवेच्या गळतीचा आणि एक पट्ट्याचा. स्थानिक गाड्यांच्या सात बिघाडांत तीन बॅटरी व स्टार्टरचे, दोन क्लचचे, एक हवेच्या गळतीचा आणि फक्त एक टायरचा. दोन्ही गटांचे आजार वेगळे आहेत. तेव्हा त्यांना एकच औषध लागू पडणार नाही.

किलोमीटर की दिवस?

बंदराची गाडी एका वेगाने तास-दोन तास धावते. तिची झीज किलोमीटरशी जोडलेली असते. स्थानिक गाडी दिवसभरात वीस वेळा बंद करून चालू केली जाते, गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रेंगाळते आणि फाटकाबाहेर इंजिन चालू ठेवून उभी राहते. तिचा क्लच, स्टार्टर, बॅटरी आणि ब्रेक झिजत असतात. पण किलोमीटरचा काटा फारसा हलत नाही. सर्व गाड्यांना 'दर ५,००० कि.मी.' असा नियम लावला, तर स्थानिक गाडी तीन महिन्यांहून अधिक काळ पाहणीविना राहील. उलट सर्वांना 'दर दोन महिन्यांनी' असे म्हटले, तर बंदराची गाडी तोवर ११,००० कि.मी. धावून गेलेली असेल.

म्हणून प्रत्येक कामाला दोन मर्यादा द्याव्यात, एक किलोमीटरची आणि एक दिवसांची. त्यांपैकी जी आधी येईल ती पाळावी. छोट्या कंपनीला चार पायऱ्या पुरेशा होतात.

पहिली पायरी रोजची. गाडी हलविण्यापूर्वी चालकाने दहा मिनिटे द्यावीत. इंजिन तेल व पाण्याची पातळी, गाडीखाली पडलेले थेंब, दिवे, चाकांचे नट आणि टायर यांवर त्याने नजर फिरवावी आणि दिसलेला दोष वहीत लिहावा.

दुसरी पायरी आठवड्याची. सर्व टायरांची हवा मापकाने मोजणे, बॅटरीची टोके स्वच्छ करून घट्ट करणे, पट्टे व रबरी नळ्या तपासणे ही तिची कामे. ब्रेकच्या हवेची गळतीही याच वेळी पाहावी. टाकीत पूर्ण हवा भरून इंजिन बंद करावे आणि ब्रेकचे पायडल मिनिटभर दाबून धरावे. पायडल दाबताच काटा एकदा थोडा खाली येतो, ते स्वाभाविक आहे. त्यानंतरही तो उतरत राहिला, तर गळती आहे असे समजावे. साबणाच्या पाण्याने ती जागा सापडते.

तिसरी पायरी ५,००० कि.मी. किंवा ३० दिवसांची. हिच्यात ग्रीसिंग, ब्रेकची जुळवणी, क्लचची मोकळी चाल, पाट्यांचे बोल्ट आणि टायरच्या नक्षीची खोली येते.

चौथी पायरी २०,००० कि.मी. किंवा १२० दिवसांची. ब्रेकचे ड्रम उघडून लायनर पाहणे, चाकांच्या बेअरिंगची तपासणी आणि चाकांची जुळवणी म्हणजे अलाइनमेंट ही तिची कामे होत. इंजिन तेल मात्र गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या अंतरानेच बदलावे. ते अंतर गाडीच्या मॉडेलनुसार खूप वेगळे असते. जुन्या गाडीचा अंदाज नव्या गाडीला लावू नये.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ निकषांच्या अनेक मालमोटारींत धुरातील काजळी अडविणारी गाळणी, म्हणजे डीपीएफ, असते. धूर पुरेसा तापला की ही काजळी जळून जाते. सतत थांबत-थांबत फिरणाऱ्या स्थानिक गाडीत तो तापत नाही, गाळणी तुंबते आणि इंजिनाची शक्ती उतरते. डीपीएफचा दिवा लागला की पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे सफाईची क्रिया पूर्ण होऊ द्यावी. दिवा दुर्लक्षून गाडी तशीच चालविणे महागात पडते.

चार गुरुवारांचा फेरा

वेळापत्रक कागदावर राहण्याचे मुख्य कारण म्हणजे गाडीला सवड मिळत नाही. पिंपरी-चिंचवड व भोसरीतील बहुतेक लघुउद्योगांची साप्ताहिक सुटी गुरुवारी असते. स्थानिक गाड्यांचे काम त्या दिवशी मंदावते आणि बंदराचा मालही कमी निघतो. देखभालीचा दिवस म्हणून गुरुवार ठरविल्यास एकही फेरी न बुडविता काम होऊ शकते.

दर गुरुवारी सहाही गाड्यांची आठवड्याची पाहणी करावी. बाहेर असलेल्या गाडीची पाहणी ती परतताच पूर्ण करावी. टायरची हवा मात्र चाके थंड झाल्यावर मोजावी. शिवाय पहिल्या गुरुवारी गाडी क्रमांक एक व चार, दुसऱ्या गुरुवारी दोन व पाच आणि तिसऱ्या गुरुवारी तीन व सहा यांची तिसरी पायरी करावी. प्रत्येक जोडीत एक बंदराची आणि एक स्थानिक गाडी येते, त्यामुळे कोणत्याही एका कामावर ताण पडत नाही. चौथा गुरुवार मुद्दाम मोकळा ठेवावा. चुकलेली पाहणी आणि चौथ्या पायरीचे मोठे काम त्या दिवशी करता येते.

हा फेरा २८ दिवसांचा आहे. तेवढ्यात बंदराची गाडी सुमारे ५,३०० कि.मी. धावते. ५,००० च्या मर्यादेला दहा टक्क्यांची सवलत दिली, तर ते बसते. फेरा महिन्याशी मात्र जोडू नये. पाच गुरुवारांच्या महिन्यात 'पहिला गुरुवार ते पहिला गुरुवार' हे अंतर ३५ दिवसांचे होते आणि बंदराची गाडी ६,६०० कि.मी.पर्यंत जाते. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत चार-चार गुरुवार मोजून वर्षभराच्या खुणा एकदाच करून ठेवाव्यात.

भार हवा पेलते

बंदराच्या गाड्यांच्या सहा बिघाडांपैकी चार टायरचे होते. टायरविषयी पहिली समजून घेण्याची गोष्ट अशी, की गाडीचा भार मुख्यतः आतली हवा पेलते. हवा कमी झाली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला अधिक वाकते आणि वाकण्यातून उष्णता निर्माण होते. शहरात थांबत-थांबत जाणाऱ्या गाडीत ती निघून जाते. द्रुतगती मार्गावर भरलेली गाडी न थांबता धावत असते, तेव्हा ती साठत जाते. रबर आणि आतील पोलादी तारा यांचा जोड सुटू लागतो आणि शेवटी नक्षीचा थर उखडतो किंवा टायर फुटतो. खंडाळ्याचा घाट उतरताना सतत ब्रेक लावला, तर ड्रमची उष्णता रिमवाटे टायरच्या कडेपर्यंत पोचते आणि आधीच तापलेल्या टायरवर तिची भर पडते. घाट खालच्या गिअरमध्ये आणि एक्झॉस्ट ब्रेकच्या साह्याने उतरावा, असे सांगतात त्यामागे टायरचेही कारण आहे.

हातोडी मारून आवाजावरून हवा ओळखण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. पूर्ण बसलेला टायर तिने कळतो. ११० आणि ८५ पीएसआय यांतील फरक कळत नाही. डोळ्यांवरही विसंबता येत नाही, कारण रेडियल टायरची बाजू योग्य हवेतही थोडी फुगलेली दिसते. म्हणून मापक हवाच, आणि मोजणी टायर थंड असताना व्हावी. गाडी किमान तीन तास उभी असावी. धावून आलेल्या टायरात हवेचा दाब वाढलेला असतो. तो 'जास्त झाला' म्हणून हवा सोडणे ही नेहमीची चूक होय. टायर थंड झाला की तोच कमी हवेचा ठरतो.

योग्य दाब किती, हे टायर कंपनीच्या भारतक्त्यावरून आणि गाडीच्या पुस्तिकेवरून ठरवावे. समजा तो ११० पीएसआय आहे. थंड टायरात ८८ किंवा त्याहून कमी, म्हणजे वीस टक्के कमी, हवा आढळली, तर तो टायर पंक्चर समजून उतरवावा. नुसती हवा भरून गाडी पुढे पाठवू नये. कमी हवेवर धावलेल्या टायरच्या बाजूतील तारा आतून कमजोर झालेल्या असू शकतात आणि हवा भरतानाच ती बाजू फाटून माणूस जखमी होऊ शकतो. अशा टायरची आतून तपासणी करावी आणि हवा संरक्षक पिंजऱ्यात भरावी.

मागच्या जोडी टायरांत आतला टायर सर्वांत उपेक्षित असतो. त्याच्या व्हॉल्व्हपर्यंत हात पोचत नाही म्हणून त्याची हवा पाहिलीच जात नाही. तो मऊ झाला की त्याच्या वाट्याचा भार बाहेरच्या टायरवर पडतो. बाहेरचा टायर फुटतो आणि दोष मात्र 'माल खराब निघाला' असा नव्या टायरवर येतो. आतल्या व्हॉल्व्हला लांबी वाढविणारी नळी बसवावी आणि प्रत्येक व्हॉल्व्हला धातूची टोपी असावी. जोडीतील दोन टायरांच्या नक्षीच्या खोलीत ३ मि.मी.हून अधिक फरकही नसावा. मोठ्या व्यासाचा टायर जास्त भार घेतो आणि लहान टायर रस्त्यावर घासत जातो.

झीज काय सांगते?

तिसऱ्या पायरीत नक्षीची खोली प्रत्येक टायरवर आतल्या कडेला, मध्ये आणि बाहेरच्या कडेला अशी तीन ठिकाणी मोजावी. या तीन आकड्यांवरून दोष टायरचा की गाडीचा, हे कळते. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी राहिली आहे. मधला भाग झिजला असेल तर हवा जास्त आहे. पुढच्या टायरची एकच कड झिजली, तर जुळवणी बिघडली आहे किंवा किंगपिन ढिली झाली आहे. ठिकठिकाणी खळगे पडले असतील, तर बेअरिंगमधील ढिलाई किंवा शॉक अब्सॉर्बर पाहावा. एकाच जागी सपाट डाग असेल, तर ब्रेक लावताना चाक जाम होत आहे.

अशा वेळी नुसता टायर बदलला, तर नवा टायरही त्याच रीतीने झिजेल. पुढचे काम टायरवाल्याकडे नव्हे, तर मेकॅनिककडे गेले पाहिजे. तळेगाव-चाकण-शिक्रापूर रस्त्यावरच्या एखाद्या मोठ्या खड्ड्यात चाक आदळल्यानंतर किंवा पाटे बदलल्यानंतर, मुदत येण्याची वाट न पाहता जुळवणी तपासावी.

केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ९४ नुसार मालमोटारीच्या टायरची नक्षी १.६ मि.मी.हून कमी असता कामा नये. ही कायद्याची शेवटची रेषा आहे. जो टायर रिट्रेड करावयाचा आहे, तो ३ ते ४ मि.मी. नक्षी शिल्लक असतानाच काढावा. गुळगुळीत होईपर्यंत चालविलेल्या टायरच्या तारांपर्यंत खडे व पाणी पोचते आणि तो रिट्रेडला नापास होतो. शेवटच्या दोन मिलिमीटरच्या लोभात एक पूर्ण आयुष्य गमावले जाते. रिट्रेड केलेले टायर मागच्या चाकांना लावावेत. पुढच्या चाकांवर सुकाणूचा ताबा अवलंबून असतो. तेथे नवे टायरच असावेत.

टायरची वही

प्रत्येक टायरला स्वतःचा क्रमांक द्यावा, तो त्याच्या बाजूवर उमटवावा आणि वहीत त्याच्यासाठी एक पान ठेवावे. लावल्याची तारीख, गाडी, चाकाची जागा, त्या वेळचे किलोमीटर, दर महिन्याची नक्षीची खोली, पंक्चर, रिट्रेड आणि काढण्याचे कारण एवढ्या नोंदी पुरतात. टायर एका गाडीवरून दुसऱ्या गाडीवर गेला तरी पान तेच राहते. स्टेपनीलाही पान असावे आणि दर गुरुवारी तिची हवाही मोजावी. अडचणीच्या वेळी स्टेपनीच मऊ निघणे हा अनुभव नवा नाही.

आता खर्चाचा हिशेब पाहू. टायरची किंमत २२,००० रुपये धरू. कमी हवेवर चालून तो ५०,००० कि.मी.त संपला आणि रिट्रेडलाही लायक राहिला नाही, तर खर्च कि.मी.मागे ४४ पैसे पडतो. योग्य हवेवर तोच टायर ७०,००० कि.मी. चालला आणि ६,००० रुपयांच्या रिट्रेडनंतर आणखी ४०,००० कि.मी. गेला, तर २८,००० रुपयांत १,१०,००० कि.मी. मिळाले, म्हणजे साधारण साडेपंचवीस पैसे. सहा चाकांच्या गाडीतील मागच्या चार टायरांवर कि.मी.मागे सुमारे ७४ पैसे वाचतात. महिन्याच्या ५,७०० कि.मी.ला ही बचत एका गाडीमागे चार हजार रुपयांच्या वर जाते. पुढच्या दोन टायरांची बचत वेगळी. चांगला मापक आणि व्हॉल्व्हच्या नळ्या यांचा खर्च यातून लवकरच भरून निघतो.

कोठे अडते?

ही पद्धत सर्व बिघाड थांबवीत नाही. रस्त्यावरचा खिळा वेळापत्रक पाहून टायरात शिरत नाही. क्षमतेहून जास्त माल भरला, तर भारतक्त्यातील दाबालाही अर्थ उरत नाही. जे मोठे कारखाने गुरुवारी चालू असतात, त्यांचे काम करणाऱ्या गाडीसाठी दुसरा दिवस शोधावा लागतो.

सर्वांत मोठी अडचण वहीची असते. चालकाने लिहिलेल्या दोषावर काहीच झाले नाही, तर तो आठवडाभरात लिहिणे सोडतो. म्हणून प्रत्येक नोंदीपुढे 'काय केले, कोणी केले, कधी केले' हा रकाना मालकाने स्वतः पाहावा. दोष लिहिल्यामुळे फेरी रद्द झाली, तर तिचा भत्ता कापू नये. तसे केल्यास चालक दोष लपवू लागतील. चाक बदलल्यावर ५० ते १०० कि.मी. धावून झाले की नट पुन्हा आवळल्याची नोंदही याच रकान्यात हवी. नव्याने आवळलेले नट थोड्या अंतरात ढिले पडू शकतात.

सार्वजनिक वाहतुकीत ही शिस्त जुनी आहे. एस.टी.ची मध्यवर्ती कार्यशाळा दापोडीत आहे आणि वाहतूक व्यवस्थापनाचे प्रशिक्षण देणारी केंद्रीय मार्ग परिवहन संस्था भोसरीत आहे. दोन्ही ठिकाणे चाकणहून तासा-दीड तासाच्या अंतरावर आहेत. सहा गाड्यांच्या मालकाला तेवढी यंत्रणा लागत नाही. एक दिनदर्शिका, एक मापक आणि दोन वह्या घेऊन त्याने तीन महिने नोंदी ठेवाव्यात आणि मग दर १०,००० कि.मी.मागचा आकडा दोन्ही गटांसाठी वेगवेगळा काढावा. स्थानिक गाड्यांचा ५.२ चा आकडा खाली आला नाही, तर कारणांचा रकाना पुन्हा वाचावा. कोणत्या पायरीतील काम अपुरे पडते, ते तेथे दिसेल.